परीघ, दात आणि केडन्स : रोड सायकलच्या वेगाचा हिशेब

रोड सायकलचा वेग तीन आकड्यांवरून काढता येतो. पहिला आकडा चाकाच्या परिघाचा. दुसरा गिअर गुणोत्तराचा, म्हणजे पॅडलजवळच्या चेनरिंगचे दात भागिले मागच्या चाकावर चेन ज्या चक्रावर आहे त्याचे दात. तिसरा केडन्सचा, म्हणजे पॅडल मिनिटाला किती फेरे घेते त्याचा. हे तिन्ही माहीत असले की वेग गुणाकाराने मिळतो. त्यासाठी स्पीडोमीटर लागत नाही की उपग्रहही लागत नाही.

या हिशेबात अंदाजाला फार कमी जागा आहे, कारण चेन दातांत अडकून चालते आणि घसरत नाही. चेनरिंगला ५० दात असतील तर पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात चेनच्या ५० कड्या ओढल्या जातात. या ५० कड्या मागच्या चक्राचेही नेमके ५० दात फिरवतात. मागचे चक्र १७ दातांचे असेल तर ते ५० भागिले १७, म्हणजे २.९४ वेळा फिरते, आणि पॅडल मारणे चालू असताना त्याच्याबरोबर चाकही तितकेच फिरते. चाक एका फेऱ्यात जमिनीवर आपल्या परिघाएवढे अंतर कापते. २५ मिलिमीटर रुंदीच्या नेहमीच्या रोड टायरचा परीघ सुमारे २.१०५ मीटर धरतात. त्यामुळे ५०/१७ या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल २.१०५ गुणिले २.९४, म्हणजे ६.१९ मीटर पुढे जाते. हा झाला त्या गिअरचा पल्ला.

पुढचा भाग सोपा आहे. पॅडल मिनिटाला ९० फेरे घेत असेल तर सायकल मिनिटाला ५५७ मीटर जाते आणि तासाला ३३.४ किलोमीटर. सगळे एका ओळीत मांडायचे तर सूत्र असे होते :

वेग (किमी/तास) = परीघ (मीटर) × पुढचे दात ÷ मागचे दात × केडन्स × ०.०६

शेवटचा ०.०६ हा फक्त एककांच्या बदलासाठी आहे. मिनिटांचा तास करायला ६० ने गुणायचे आणि मीटरचे किलोमीटर करायला १,००० ने भागायचे, एवढाच त्याचा अर्थ.

ठरावीक टायर आणि ठरावीक केडन्स असेल तर हे सूत्र आणखी आटोपशीर होते. २.१०५ मीटर परीघ आणि ९० केडन्ससाठी परीघ, केडन्स आणि ०.०६ यांचा गुणाकार ११.३७ येतो. मग कोणत्याही गिअरचे गुणोत्तर ११.३७ ने गुणले की वेग हाती येतो. पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग, मागे ११ ते ३४ दातांची कॅसेट, अशी सायकल घेतली तर सर्वांत जड गिअर ५०/११ होतो. त्याचे गुणोत्तर ४.५५, आणि ९० केडन्सला वेग ५१.७ किलोमीटर. सर्वांत हलका गिअर ३४/३४, गुणोत्तर नेमके १. तिथे तोच केडन्स तासाला फक्त ११.४ किलोमीटर देतो. पायांची लय तीच राहिली तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वेगात साडेचार पटींचा फरक पडतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. अशा सायकलीला पुढे दोन आणि मागे ११ चक्रे असली तर कागदावर २२ गिअर होतात, पण ते सगळे वेगवेगळे नसतात. ५०/२५ चे गुणोत्तर २ आहे आणि ३४/१७ चेही २ च. चेन दोन्ही वेळा वेगळ्या जागी असते, पण पल्ला एकच, ४.२१ मीटर.

परीघ किती धरायचा?

रोड सायकलच्या चाकाला ‘७०० सी’ म्हणतात. हे ७०० म्हणजे चाकाचा परीघ नव्हे आणि आजच्या टायरचा नेमका व्यासही नव्हे. ते जुन्या फ्रेंच मापपद्धतीतून आलेले नाव आहे. खरे उपयोगी माप टायरच्या बाजूवर ‘२५-६२२’ अशा स्वरूपात छापलेले असते. ६२२ हा रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि २५ ही टायरची रुंदी. टायरची उंची साधारण रुंदीएवढीच असते, म्हणून ती दोन्ही बाजूंना मिळवली की एकूण व्यास ६७२ मिलिमीटर होतो. त्याला ३.१४१६ ने गुणले की परीघ २,१११ मिलिमीटर येतो.

सायकल कॉम्प्युटरबरोबर मिळणाऱ्या तक्त्यांत मात्र याच टायरसाठी बहुधा २,१०५ हा आकडा असतो. २८ च्या टायरसाठी तक्ता २,१३६ सांगतो, तर वरच्या रीतीने हिशेब केल्यास २,१३० येतात. म्हणजे तक्ता एकदा थोडा कमी सांगतो आणि एकदा थोडा जास्त. फरक पाव-अर्धा टक्का असल्याने रोजच्या वापराला दोन्ही चालतात. पण दोन्ही अंदाजच आहेत. तोच टायर रुंद रिमवर चढवला की छापलेल्या मापापेक्षा जास्त फुगतो. हवा कमी असली की टायर जमिनीपाशी दबतो आणि चाक प्रत्यक्षात कमी अंतर कापते. चालवणाऱ्याच्या वजनानेही काही मिलिमीटरचा फरक पडतो.

खात्रीचा परीघ हवा असेल तर तो जमिनीवर मोजावा. टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरावी. ज्या चाकाला सेन्सर असेल त्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणून त्याच्या सरळ रेषेत जमिनीवर खडूने खूण करावी. नेहमीच्या चालवणाऱ्याने सायकलवर बसावे, दुसऱ्या कोणी हँडल धरावे आणि सायकल सरळ रेषेत हळूहळू पुढे न्यावी. व्हॉल्व्ह पाचव्यांदा खाली आला की दुसरी खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजून पाचाने भागावे. समजा अंतर १०.४८ मीटर भरले, तर परीघ २.०९६ मीटर. एकाऐवजी पाच फेरे घेण्याचे कारण साधे आहे. टेप लावताना एका सेंटिमीटरची चूक झाली तरी ती पाच फेऱ्यांत वाटली जाते आणि एका फेऱ्यामागे दोनच मिलिमीटर उरते, म्हणजे टक्क्याचा दहावा हिस्सा. सायकल वाकडीतिकडी गेली तर मात्र खुणांमधले सरळ अंतर प्रत्यक्ष कापलेल्या अंतरापेक्षा कमी भरते, म्हणून फरशीच्या किंवा भिंतीच्या कडेने जाणे बरे.

परीघ चुकला की चूक सगळ्या आकड्यांत सारख्याच प्रमाणात उतरते. २५ चे टायर काढून २८ चे बसवले आणि कॉम्प्युटरमधला २,१०५ हा आकडा तसाच राहिला, तर कॉम्प्युटर दीड टक्का कमी वेग दाखवतो आणि प्रत्यक्ष १०० किलोमीटर झाले तरी ९८.५ च मोजतो. ही चूक ओळखणे कठीण नाही. सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी किंवा जीपीएसच्या अंतराशी ताडून पाहावे. फरक प्रत्येक वेळी त्याच बाजूला आणि त्याच प्रमाणात येत असेल तर दोष परिघाचा. फरक कधी कमी, कधी जास्त, असा हेलकावत असेल तर सेन्सर अधूनमधून फेरे चुकवत आहे किंवा जीपीएसच डळमळत आहे.

चूक कुठे शिरते?

तीन आकड्यांपैकी दातांची संख्या पूर्ण अचूक असते. ती बहुतेक वेळा चेनरिंगवर आणि कॅसेटच्या चक्रांवर कोरलेली असते. कोरलेली नसेल तर एका दातावर खडू लावून मोजता येते. इथे चूक होते ती दात मोजण्यात नव्हे, तर चेन नेमकी कोणत्या चक्रावर आहे हे समजण्यात. चालत्या सायकलवरून खाली वाकून पाहण्यापेक्षा सर्वांत लहान चक्रापासून किती वेळा गिअर बदलला ते लक्षात ठेवावे आणि कॅसेटचा क्रम आधी कागदावर लिहून ठेवावा. ११-३४ च्या एका प्रचलित कॅसेटमध्ये तो ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४ असा असतो. त्यामुळे १७ चे चक्र म्हणजे लहान बाजूने चौथे.

सर्वांत कच्चा दुवा केडन्सचा. सेन्सर नसेल तर एका गुडघ्याकडे लक्ष ठेवून तो ३० सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजतात आणि दुप्पट करतात. ४५ वेळा आला तर केडन्स ९०. पण मोजणीत एक फेरा इकडचा तिकडे झाला की केडन्स दोनाने चुकतो आणि ५०/१७ च्या गिअरमध्ये वेगात पाऊण किलोमीटरचा फरक पडतो. मोजणी १५ सेकंदांवर आणली तर चूक दुप्पट होते. परिघाची चूक अर्ध्या टक्क्याची, तर हाताने मोजलेल्या केडन्सची सहज दोन ते चार टक्क्यांची. म्हणून सेन्सर नसताना परीघ मिलिमीटरपर्यंत मोजण्यात अर्थ नाही. तोच वेळ केडन्स पूर्ण मिनिटभर मोजण्यात घालवावा. क्रँकवर बसवायचा केडन्स सेन्सर असेल तर हा प्रश्न मिटतो आणि मग परिघाची अचूकता कामाला येते.

सूत्राला एक मोठी मर्यादाही आहे आणि ती फ्रीव्हीलमुळे येते. रोड सायकलच्या मागच्या चाकात अशी रचना असते की पॅडल थांबले तरी चाक फिरत राहते. त्यामुळे पॅडल जोर लावत असेल तेव्हाच पाय आणि चाक यांची गाठ पक्की असते. उतारावर पाय हळू फिरत असतील तर सूत्राने काढलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी भरतो. सूत्राचा आकडा म्हणजे वेगाची खालची मर्यादा, वरची नव्हे. घाट उतरताना वेग ७० किलोमीटरला पोचला तर ५०/११ मध्येसुद्धा पॅडलचा जोर चाकापर्यंत पोचवायला १२२ चा केडन्स लागतो. तो फार वेळ टिकवणे अवघड, म्हणून बहुतेक जण तिथे पॅडल मारणे सोडून अंग आवरून बसतात.

पल्ला थेट मोजणे

परीघ आणि गुणोत्तर वेगवेगळे न काढता पल्ला एकदम मोजता येतो. शर्यतींत हीच रीत वापरली गेली आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना यूसीआयच्या नियमांनुसार ज्युनिअर गटातील रोड सायकलपटूंच्या सायकलींना अनेक वर्षे ७.९३ मीटर पल्ल्याची मर्यादा होती. वाढत्या वयातल्या मुलांनी फार जड गिअर ओढू नये, हा त्यामागचा हेतू. तपासणीत जमिनीवर ७.९३ मीटर अंतरावर दोन रेषा आखत, चेन सर्वांत जड गिअरवर ठेवत आणि सायकल मागे ढकलत नेत. मागे ढकलताना फ्रीव्हील चाकाला धरून ठेवते, त्यामुळे चाकाबरोबर पॅडलही उलटे फिरते. पॅडलचा एक फेरा दुसऱ्या रेषेच्या आत पूर्ण झाला तर सायकल पास.

या मर्यादेत बसणारा प्रचलित गिअर ५२/१४ चा. २५ च्या टायरवर त्याचा पल्ला २.१०५ गुणिले ३.७१४, म्हणजे ७.८२ मीटर. तोच गिअर २८ च्या टायरवर, तक्त्यातला २.१३६ मीटर परीघ धरला, तर ७.९३ मीटरची रेषा तीन-चार मिलिमीटरने ओलांडतो. दात एकही बदलला नाही, फक्त टायर तीन मिलिमीटरने रुंद झाला, तरी निकाल काठावर येतो. हवेच्या दाबातला लहानसा फरकही इथे निर्णायक ठरू शकतो.

सूत्र उलटे वापरताना

वेग माहीत असेल तर याच सूत्रातून केडन्स काढता येतो. त्यासाठी वेगाला परीघ, गुणोत्तर आणि ०.०६ यांच्या गुणाकाराने भागायचे. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ट्रॅकवर एका तासात ४९.४३ किलोमीटर कापून विक्रम केला. त्याच्या सायकलचा गिअर ५२/१४ होता. ट्रॅक सायकलला फ्रीव्हील नसते, पाय आणि चाक सतत बांधलेले असतात, म्हणून सूत्र त्या पूर्ण तासाला लागू पडते. परीघ २.१ मीटर धरला तर पल्ला ७.८ मीटर येतो. ४९,४३० मीटरला ७.८ ने भागले की तासाला सुमारे ६,३४० फेरे होतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १०६. परिघाचा आकडा थोडा बदलला तर उत्तर एकदोनाने सरकेल, इतकेच.

सामान्य सायकलस्वाराला या उलट्या हिशेबाचा सर्वांत जास्त उपयोग घाटात होतो. सपाटीवर चालवणारा केडन्स आणि गिअर निवडतो आणि वेग मिळवतो. मोठ्या चढावर मात्र वेग पायांच्या ताकदीने आणि चढाने आधीच ठरवलेला असतो. गिअरने तो वाढत नाही. त्या वेगाला पाय किती भरभर फिरवावे लागतील, एवढेच गिअर ठरवतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. चालवणारा आणि सायकल मिळून वजन ८० किलो, चढ ७ टक्के, म्हणजे १०० मीटरला ७ मीटर उंची. वजनाचा मागे ओढणारा भाग ८० गुणिले ९.८ गुणिले ०.०७, म्हणजे सुमारे ५५ न्यूटन. टायरचे घर्षण आणि हवेचा किरकोळ विरोध मिळून आणखी ५ न्यूटन धरले तर एकूण ६०. ही व्यक्ती तासभर १५० वॅट ताकद टिकवू शकत असेल, तर वेग १५० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला २.५ मीटर होतो. हाच वेग मिनिटाला १५० मीटर किंवा तासाला ९ किलोमीटर.

आता गिअर तपासायचे. कॅसेट ११-२८ ची असेल तर सर्वांत हलका गिअर ३४/२८. त्याचा पल्ला २.५६ मीटर, आणि १५० ला २.५६ ने भागले की केडन्स ५९ येतो. कॅसेट ११-३४ ची असेल तर ३४/३४ चा पल्ला २.१ मीटर आणि केडन्स ७१. पूर्वीच्या शर्यतीच्या सायकलींवर ५३ आणि ३९ च्या चेनरिंग असत. त्यातल्या ३९ ला मागे २५ चे चक्र जोडले तर पल्ला ३.२८ मीटर होतो आणि केडन्स ४६ वर उतरतो. तिन्ही सायकली सारख्याच वेळात वर पोचतील, कारण ताकद आणि चढ तेच आहेत. फरक पडतो तो पॅडलवर पडणाऱ्या जोरात. ताकद तीच ठेवून केडन्स कमी झाला की प्रत्येक फेऱ्याला त्या प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो. ७१ ऐवजी ५९ वर तो सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि ४६ वर ५० टक्क्यांहून अधिक. याचा ताण मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो.

घाटात चढ कुठेच एकसारखा नसतो. बोरघाट असो की सिंहगडाचा रस्ता, काही वळणे सरासरीपेक्षा उभी असतातच. वरच्याच उदाहरणात चढ १० टक्क्यांवर गेला तर विरोध सुमारे ८२ न्यूटन होतो आणि वेग मिनिटाला ११० मीटरच्या आसपास उतरतो. तिथे ३४/३४ मध्ये केडन्स ५२ आणि ३४/२८ मध्ये ४३ येतो. त्रेचाळीस म्हणजे उभे राहून वजन टाकत पॅडल मारण्याची वेळ. हिशेब सरासरी चढावर न करता सर्वांत उभ्या तुकड्यावर करायचा तो याचसाठी.

त्यामुळे घाटासाठी कॅसेट निवडताना क्रम असा ठेवावा : आपल्याला टिकणारी ताकद आणि सर्वांत उभा चढ यांवरून मिनिटाचे मीटर काढावेत, त्यांना हलक्या गिअरच्या पल्ल्याने भागावे आणि उत्तर पाहावे. ते ५० च्या बरेच खाली येत असेल तर मोठ्या चक्राची कॅसेट घ्यावी. मात्र ती घेण्याआधी दोन गोष्टी मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. मागच्या डिरेलरला तेवढे मोठे चक्र झेपते का, आणि मोठ्या चेनरिंगबरोबर ते चक्र लागल्यावर चेन पुरते का. चेन आखूड पडली तर ५०/३४ च्या जोडीत डिरेलर ओढला जाऊन मोडू शकतो, आणि या मोडतोडीचा खर्च कॅसेटपेक्षा जास्त येऊ शकतो.